फॉन्ट नसलेली पीएसडी फाइल: अक्षरं न बिघडवता फॉन्ट कसा बदलावा

लग्नपत्रिकेची जुनी पीएसडी फोटोशॉपमध्ये उघडली की बऱ्याचदा मजकुराच्या लेयरवर पिवळा त्रिकोण दिसतो. म्हणजे तो फॉन्ट तुमच्या संगणकात नाही. तरीही पत्रिका पडद्यावर नीट दिसते, कारण शेवटच्या सेव्हच्या वेळचं चित्र फाइलमध्ये असतं. मजकुरावर डबल-क्लिक केलं की ते चित्र जातं आणि पर्यायी फॉन्ट बसतो. म्हणून कशालाही हात लावण्याआधी फाइलची प्रत करा आणि त्याच रूपाची पीएनजी काढून ठेवा. पुढे तिचाच आधार लागतो.

आता त्या लेयरवर एकदाच क्लिक करून Character पॅनेल बघा. हरवलेल्या फॉन्टचं नाव तिथे चौकटी कंसात दिसतं. लेयरचं नावही वाचा, कारण फोटोशॉप ते बहुधा मजकुरावरूनच ठेवतं. नाव ‘शुभ विवाह’ असं वाचता आलं तर मजकूर युनिकोडमध्ये आहे आणि फक्त फॉन्ट बदलून भागेल. पण कृतिदेवमध्ये टाइप केलेली पत्रिका असेल तर असं दिसेल:

```
'kqHk fookg
```

इथेच बहुतेकांची फसगत होते. कृतिदेव इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. आतला मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असतो. त्यावर थेट ‘मुक्त’सारखा युनिकोड फॉन्ट लावलात तर हीच इंग्रजी अक्षरं पडद्यावर येतील. मूळ फॉन्ट परवान्यासह मिळत असेल तर तो बसवणं सगळ्यात सोपं. नाहीतर मजकूर कॉपी करा, कृतिदेव ते युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा आणि परत त्याच लेयरमध्ये पेस्ट करा. श्रीलिपीसाठी तिचाच वेगळा कन्व्हर्टर लागतो. रूपांतरानंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि नावं डोळ्यांनी तपासा. ‘सूर्यकांत’सारख्या नावात चूक राहिली तर ती छापून येते.

फॉन्ट निवडताना मुक्त परवान्याचा घ्या, म्हणजे फाइलसोबत पाठवता येतो. साध्या मजकुराला ‘मुक्त’ (Mukta) चांगला. त्यात सात जाड्या आहेत. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर Tiro Devanagari Marathi घ्या. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर पडत असेल किंवा जोडाक्षरं तुटत असतील तर फॉन्टला दोष देऊ नका. Paragraph पॅनेलच्या मेनूत World-Ready Layout निवडा.

शेवटी ती पीएनजी सगळ्यात वरच्या लेयरवर ५० टक्के ओपॅसिटीने ठेवा आणि शिरोरेषा जुळेपर्यंत आकार व ओळींमधलं अंतर बदला. मजकुराच्या चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात अधिकचं चिन्ह दिसलं तर काही ओळी चौकटीत मावलेल्या नाहीत, चौकट वाढवा. Rasterize Type किंवा Convert to Shape वापरू नका, नाहीतर तारीख बदलायची वेळ आली की मजकूर टाइप करता येणार नाही. छपाईसाठी तशी प्रत हवीच असेल तर ती वेगळ्या नावाने सेव्ह करा.