फोटोतल्या वेळापत्रकावरून ‘कधी निघू?’ सांगताना

भाच्याने एसटी स्टँडवरच्या बोर्डाचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘मामा, गडचिरोलीला कधी निघू?’ लगेच आकडा सांगू नका. आधी फोटोच्या माथ्यावर स्टँडचं नाव दिसतं का बघा. बहुतेक वेळा नेमकं तेच कापलेलं असतं. बोर्डावरची ‘सुटण्याची वेळ’ त्या स्टँडची असते, विचारणाऱ्याच्या गावची नाही.

समजा बोर्ड चंद्रपूरचा आहे आणि ‘गडचिरोली, मार्गे मूल’ पुढे ९.३० लिहिलंय. भाचा चंद्रपुरात असेल तर सव्वानऊला स्टँडवर हवा. मूलला असेल तर हीच गाडी तिथे पोचायला तासभर तरी लागतो, म्हणून त्याने सव्वादहापासून थांबावं. फाट्यावर असेल तर गाडी तिथे थांबते का, हे आधी विचारा; जलद गाडी सरळ निघून जाते.

उत्तर लगेच द्यायचंच असेल तर अट घालून द्या: ‘चंद्रपुरातून बसणार असशील तर सव्वानऊला स्टँडवर पोच. दुसरीकडून असेल तर गाव सांग, आणि घरापासून स्टँड किती लांब तेही.’

रेल्वेच्या फोटोत ‘आगमन’ आणि ‘प्रस्थान’ यांतली प्रस्थानाची वेळ धरा.