४० लाख किती वर्षं पुरतील? वाढत्या खर्चाचा हिशोब वहीत कसा मांडावा

माझे मामा सांगलीत विश्रामबागला राहतात. साखर कारखान्यातून निवृत्त झाले, पेन्शन नाही. फंड, ग्रॅच्युइटी आणि साठवलेलं मिळून ४० लाख हातात आले. महिना २५ हजार, म्हणजे वर्षाला तीन लाख घरखर्च. त्यांचा हिशोब दोन ओळींचा होता: "सात टक्क्यांनी व्याज दोन लाख ऐंशी हजार येतंय, मला लागतात तीन लाख. मुदलातले वर्षाला वीस हजार जाणार. माझ्या हयातीत काय संपत नाही बघ."

या हिशोबात मोठी चूक एकच आहे. पुढच्या वर्षी मामांना तीन लाख पुरणार नाहीत.

गंमत म्हणजे खर्च कायम तीन लाखच राहिला, तरीही रक्कम जन्मभराची नव्हती. दरवर्षी मुदलाला लागलेला चिमटा वाढत जातो, आणि सात टक्क्यांनी ती सुमारे ३० वर्षांत संपते. पण खर्च दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढला, तर तीच रक्कम १४ वर्षं आणि दोन महिने चालते. मामा ६० वर्षांचे आहेत. हे स्वतः मांडून पाहायला शंभर पानी वही आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

पानावर पाच रकाने पाडा: वर्ष, सुरुवातीची शिल्लक, वर्षाचा खर्च, व्याज, अखेरची शिल्लक. वर्षभराचा खर्च वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढला असं धरा आणि उरलेल्यावर व्याज लावा. प्रत्यक्षात आपण महिन्याला काढतो, त्यामुळे थोडं व्याज जास्त मिळेल. पण हिशोब किंचित कडक असलेला बरा. व्याजाचा दर मात्र कर गेल्यावर हातात पडतो तोच धरायचा.

मामांचं पहिलं वर्ष: ४० लाखांतून तीन लाख काढले, ३७ लाख उरले. त्यावर सात टक्क्यांनी २ लाख ५९ हजार. अखेर ३९ लाख ५९ हजार. दुसऱ्या वर्षी खर्च सहा टक्क्यांनी वाढवून ३ लाख १८ हजार. तो वजा करून व्याज मिळवलं की अखेर सुमारे ३८ लाख ९६ हजार. असंच खाली उतरत जायचं. मुलगा किंवा नात संगणकावर बसत असेल, तर एक्सेलमध्ये हेच दहा मिनिटांत होतं. B1 मध्ये रक्कम, B2 मध्ये पहिल्या वर्षाचा खर्च, B3 मध्ये व्याजदर, B4 मध्ये महागाईचा दर लिहा, दोन्ही दर % चिन्हासह, आणि सातव्या ओळीपासून सुरुवात करा:

```
A7: 1
B7: =B1
C7: =B2
D7: =(B7-C7)*$B$3
E7: =B7-C7+D7
A8: =A7+1
B8: =E7
C8: =C7*(1+$B$4)
```

D7 आणि E7 आठव्या ओळीत कॉपी करा, मग आठवी ओळ खाली ओढत जा. E रकान्यात पहिल्यांदा उणे आकडा दिसला की त्या वर्षी पैसे कमी पडले.

आता तक्ता नीट वाचायला हवा, कारण इथेच फसगत होते. पाच वर्षांनी मामांच्या पासबुकात सुमारे साडेपस्तीस लाख दिसतील. माणूस म्हणणार, पाच वर्षांत साडेचारच लाख गेले, चिंता कसली? पण १४ पैकी पाच वर्षं संपलेली असतात. दहाव्या वर्षाअखेर २२ लाख राहतात, तेव्हा वर्षाचा खर्च पाच लाखांवर गेलेला असतो. चौदाव्या वर्षाअखेर उरतात एक लाख अठरा हजार, आणि पंधराव्या वर्षाचा खर्च असतो पावणेसात लाखांच्या वर.

सांगलीकर पावसाळ्यात नुसतं नदीकडे बघून अंदाज बांधत नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे ते विचारतो. या हिशोबातही तशी एक पट्टी आहे. शिल्लक रकमेला या वर्षीच्या खर्चाने भागा. व्याज आणि महागाई यांचे दर सारखे असतील, तर येणारा आकडा म्हणजे उरलेली वर्षं. व्याज एखाद्या टक्क्याने जास्त असेल, तर त्याहून थोडं जास्त. मामांची पट्टी सुरुवातीला १३.३, सहाव्या वर्षाच्या सुरुवातीला ८.८. पासबुकातल्या आकड्याने हे कधीच सांगितलं नसतं. दर एप्रिलमध्ये हा एक भागाकार करायचा, आणि त्यात खर्चाचा अंदाज नव्हे, मागच्या बारा महिन्यांचा खरा खर्च महागाईच्या दराने वाढवून घ्यायचा. औषधपाण्याचा वाटा मोठा असलेल्या घरात तो सहा टक्क्यांपेक्षा जोरात पळतो.

मग लोक जास्त व्याजाच्या मागे लागतात. आमच्याकडे सातारा-सांगलीत गल्लोगल्ली पतसंस्था, त्या एखादा टक्का जास्त देतात. तक्त्यात सातचे आठ करून पाहा: मामांच्या पैशांचं आयुष्य वाढतं ते एका वर्षाने. त्या वर्षासाठी मुद्दल कुठे ठेवतोय ते बघायला हवं. बँकेतल्या ठेवींना एका ठेवीदारामागे, एका बँकेत, व्याजासह पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. मला हा सौदा पटत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, पण दर पाच वर्षांपुरताच बांधलेला असतो. एप्रिल २०२० मध्ये तो ७.४ टक्के झाला, एप्रिल २०२३ पासून नव्या ठेवींना ८.२ झाला. मुदत संपेल तेव्हा कुठला दर मिळेल, ते कुणी लिहून देत नाही. म्हणून तक्त्यात आजचा चढा दर १४ वर्षं ओढू नये.

दुसरी गोष्ट एकरकमी खर्चाची. २०१९ च्या महापुरानंतर घर दुरुस्त करताना किती जणांनी ठेवी मोडल्या ते आम्ही पाहिलंय. मामांनी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला असे पाच लाख काढले, तर पैसे साधारण एक वर्ष आठ महिने आधी संपतात. तक्त्यात त्या वर्षीच्या खर्चाच्या रकान्यात पाच लाख मिळवू नका, नाहीतर सूत्र पुढच्या वर्षी तेही महागाईने वाढवत बसेल. सुरुवातीच्या शिल्लकेतून वजा करा.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो पहिल्या वर्षाच्या खर्चाने. महिना २५ ऐवजी २० हजार ठेवीतून काढले, तर १४ ची १८ वर्षं होतात. मामांना वहीत हे दाखवल्यावर मामी आतून म्हणाल्या, "म्हणजे यांच्या अठ्ठ्याहत्तरीपर्यंत. तेव्हा मी त्र्याहत्तरची असेन, माझं काय?" मला हे आधी सुचायला हवं होतं: वर्षं मोजायची ती दोघांत वयाने लहान असेल त्याची.

त्यांनी वरची खोली वालचंद कॉलेजच्या दोन मुलांना महिना पाच हजारांनी दिली. करारात भाडेवाढ लिहून घ्या म्हणून मी मागे लागलो, कारण भाडंही दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढलं तरच १८ चा आकडा खरा. मामांना मुलांकडे वाढ मागायला संकोच वाटतो. ठेवीतून वर्षाला दोन लाख चाळीस हजारच काढायचे धरले, तर सध्या पट्टी १६.७ वर आहे. सगळं ठरल्यासारखं झालं, तर पुढच्या एप्रिलमध्ये १५.८ यायला हवी. त्याखाली आली, तर आधी भाड्याच्या पावत्या बघायच्या असं मामींनी वहीच्या कडेला लिहून ठेवलंय.