शक, कलियुग आणि संवत्सर: मध्ययुगीन बसदी-मठ-अग्रहारांची टाचणासह कालरेषा आणि शब्दसूची

बीएच्या इतिहासाच्या पेपरात ‘मध्ययुगीन धार्मिक संस्था’ हा घटक आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी मुलांची दुहेरी अडचण होते. संदर्भग्रंथ कन्नड किंवा इंग्रजी, आणि शिलालेखांतले शब्द जुन्या कन्नडमधले. बाजारातल्या गाईडमध्ये सन आयते मिळतात, पण एका गाईडात 1204 आणि दुसऱ्यात 1205 दिसलं की काय लिहावं ते कळत नाही. म्हणून कालरेषा स्वतः करावी, आणि तीही मूळ लेखातल्या काळापासून सुरू करावी.

दोनशे पानी वही आडवी धरा आणि पानावर चार रकाने आखा: लेखात दिलेला काळ, इसवी सन, कोणी कोणाला काय दिलं, आणि टाचण. पहिला रकाना बहुतेकजण गाळतात, आणि पुढच्या चुका तिथूनच सुरू होतात. एकूण नोंदी वीस-बावीसच ठेवा. चाळीस केल्यात तर शेवटच्या आठवड्यात वही उघडायचा धीर होणार नाही.

आता सन काढायची रीत. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेपासून पाठ असतं. सौंदत्तीच्या रट्ट शांतिवर्म्याच्या लेखात शक 902, विक्रम संवत्सर असा काळ आहे. 902 अधिक 78 म्हणजे 980. हे बरोबर आहे का, ते संवत्सरावरून तपासता येतं. इसवी सनातून 6 वजा करा, 60 ने भागा आणि बाकी पाहा. 974 ला 60 ने भागल्यावर बाकी 14 उरते, आणि प्रभवापासून चौदावा संवत्सर विक्रमच. हिशेब जुळला. (बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. संवत्सरांची नावं पंचांगात पहिल्या पानांतच असतात, ती वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर उतरवून ठेवा.)

हीच रीत बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बसदीला लावून पाहा. तिच्या दानलेखात शक 1127, रक्ताक्षी संवत्सर, पौष शुद्ध द्वितीया असा काळ येतो. 78 मिळवले की 1205 मिळतात. 1205 मधून 6 गेले 1199, बाकी 59, म्हणजे क्रोधन. लेखात मात्र रक्ताक्षी आहे, तो अठ्ठावन्नावा. एक वर्षाचा फरक पडतो, कारण इथे शकाचं वर्ष ‘गत’ धरलेलं नसून ‘वर्तमान’, म्हणजे चालू असलेलं धरलेलं आहे. अशा ठिकाणी 77 मिळवायचे. मग 1204 येतात आणि संवत्सरही जुळतो. ती तिथी 25 डिसेंबर 1204 ला पडते. आठवडाभर पुढची तिथी असती तर सन 1205 झाला असता, म्हणून पौष, माघ आणि फाल्गुनातल्या लेखांपुढे लाल खूण करून ठेवा. 1204 आणि 1205 या घोळाचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

या नोंदीचा तिसरा रकानाही नीट भरायला हवा. ‘कार्तवीर्याने बसदी बांधली’ असं लिहिलं की अर्धं चुकलं. राजा रट्ट घराण्यातला चौथा कार्तवीर्य, बसदी उभारणारा त्याचा अधिकारी बीचिराज, आणि दान स्वीकारणारे आचार्य शुभचंद्र भट्टारक. राजा, बांधणारा आणि दान घेणारा असे तीन वेगळे बाण काढा. टाचणात एकच ओळ पुरे: ‘1204 हे दानाचं वर्ष आहे, बांधकाम त्याआधीचं.’ लेखाचा काळ आणि इमारतीचा काळ एक नसतो, हे एका वाक्यात दाखवलंत तरी उत्तर वेगळं उठून दिसतं.

गोव्याच्या कदंबांच्या लेखांत शकाऐवजी कलियुगाचं वर्ष भेटतं आणि चार हजारांच्या वरचा आकडा बघून मुलं बावचळतात. त्यातून 3101 वजा करायचे. हलशीच्या लेखातलं 4270 म्हणजे 1169, संवत्सर विरोधी. कित्तूरजवळच्या देगावचं 4275 म्हणजे 1174, संवत्सर जय. दोन्ही वर्षं वरच्या रीतीने तपासून पाहा, जुळतात. देगावचं कमलनारायण मंदिर शिवचित्त पेर्माडीची राणी कमलादेवी हिच्याशी आणि तिने वसवलेल्या अग्रहाराशी जोडलेलं आहे, म्हणून ही नोंद ‘मंदिर’ आणि ‘अग्रहार’ या दोन्ही शब्दांखाली यायला हवी.

उलट हलशीचेच, तेव्हाच्या पलाशिकेचे, आद्य कदंबांचे ताम्रपट घ्या. मृगेशवर्म्याने तिथे जिनालय बांधून यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या तीन पंथांना जमीन दिली. काळ फक्त राज्याचं आठवं वर्ष. इथे नेमका सन लिहायचा मोह आवरा आणि ‘पाचव्या शतकाची अखेर’ एवढंच लिहा. अशा नोंदी पेन्सिलने करा आणि पक्क्या नोंदी शाईने. परीक्षेत कोणता आकडा छातीठोक लिहायचा ते नुसत्या रंगावरून आठवतं.

शब्दसूची वहीच्या मागच्या बाजूने सुरू करा. तीस शब्द पुष्कळ झाले. प्रत्येकापुढे अर्थ, कालरेषेतला एक दाखला आणि ‘काय नव्हे’ अशी तिसरी ओळ लिहा. ही तिसरी ओळच खरी कामाची. बसदी म्हणजे आपल्याकडची जैन बस्ती, शब्द संस्कृत ‘वसति’पासून आलेला. ती फक्त पूजेची जागा नव्हे, तिच्या नावे जमीन असे आणि व्यवहार आचार्यांकडे असे. अग्रहार म्हणजे ब्राह्मणांना दिलेली वसाहत किंवा गाव, देऊळ नव्हे. मत्तर आणि निवर्तन ही जमिनीची मापं. त्यांचे एकर करू नका, मोजणीची काठी ठिकाणागणिक बदलत असे.

‘मठ’ या शब्दाला अर्धं पान द्या. आज सीमाभागात मठ म्हटलं की लिंगायत मठ डोळ्यांसमोर येतो, पण बाराव्या शतकातला सगळ्यात जास्त विचारला जाणारा मठ कालामुख शैवांचा आहे: केदारेश्वर देवळाचा कोडिय मठ. 1162 च्या लेखात तिथे वेद, व्याकरण आणि दर्शनं शिकवली जात, भुकेल्यांना अन्न आणि आजाऱ्यांना औषध मिळे, असं वर्णन आहे. हा मठ बळ्ळिगावीचा, म्हणजे शिमोगा जिल्ह्यातल्या शिकारीपूर तालुक्यातला. नावाच्या सारखेपणामुळे कैक उत्तरपत्रिकांत तो बेळगावला येऊन बसतो! बेळगावचं लेखांतलं नाव वेणुग्राम. ही दोन नावं सूचीत शेजारी शेजारी लिहा, आणि ‘बळ्ळि’मधला जोड ‘ळ’ दोनदा गिरवा.

उजळणी करताना कालरेषा वाचत बसू नका. इसवी सनाचा रकाना पोस्टकार्डाने झाका, पहिल्या रकान्यावरून सन काढा आणि मग कार्ड सरकवून पाहा. दुसऱ्या दिवशी उलट करा: सूचीतला शब्द उचला आणि त्याला बसणाऱ्या दोन नोंदी न बघता लिहा. ज्या शब्दाला एकही नोंद सापडत नाही, तो सूचीतून काढून टाका. दहा गुणांच्या उत्तरात चार नोंदी आणि पाच-सहा शब्द बसतात, त्यापेक्षा जास्त कोंबायला गेलात तर शेवटचा प्रश्न सुटायचा राहतो.