गिटार दोन बाजूंना पसरवा, मधली जागा गायकाला सोडा

घरी रेकॉर्डिंग करणारे बरेच जण गिटारचा एकच टेक घेतात, तो कॉपी करतात आणि एक फुल लेफ्ट, एक फुल राइट लावतात. मीही बरेच दिवस हेच करायचो आणि गिटार मधेच का ऐकू येते ते कळायचं नाही. कारण साधं आहे, दोन्ही कानांत तंतोतंत तोच आवाज गेला की तो मधोमध असल्यासारखाच वाटतो, म्हणजे गिटार थेट गायकाच्या आवाजावर येऊन बसते. एक कॉपी 15 मिलीसेकंद मागे सरकवली तर हेडफोनवर छान पसरते, पण मोबाइलच्या एका स्पीकरवर दोन्ही एकत्र झाल्या की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना कापतात आणि गिटार डब्यात बसून वाजवल्यासारखी येते.

म्हणून खरोखर दोनदा वाजवायचं. समजा अकूस्टिकवर जी, सी, डी असं स्ट्रमिंग आहे. पहिला टेक क्लिकवर घ्या, गिटार परत ट्यून करा, मग दुसरा टेक. या वेळी कॅपो पाचव्या फ्रेटवर लावा आणि डी, जी, ए हे शेप धरा. कॉर्ड त्याच वाजतात पण स्वर वरच्या पट्टीत जातात, त्यामुळे दोन्ही बाजू आपोआप वेगळ्या ऐकू येतात, नुसतं ईक्यू फिरवून एवढा फरक पडत नाही. इलेक्ट्रिक असेल तर दुसऱ्या टेकला पिकअप बदला आणि डिस्टॉर्शन नेहमीपेक्षा कमी ठेवा, कारण दोन थर चढले की ते दुप्पट घट्ट होतं.

आता दोन्ही टेक एकत्र ऐका. बारीकसारीक मागेपुढे होणारच, रुंदी त्यातूनच येते, पण स्टॉपवर एक हात आधी थांबला आणि दुसरा नंतर, तर ते लगेच कानाला खटकतं. तेवढाच तुकडा परत वाजवा.

पॅन सरळ 100 टक्के लेफ्ट आणि 100 टक्के राइट. 30-40 टक्क्यांवर ठेवलं की गिटारचा बराचसा भाग मधेच राहतो. नंतर दोन्हींवर हाय-पास फिल्टर 100 हर्ट्झच्या आसपास लावा, ती खालची जागा बेस आणि किकची. तरी गढूळ वाटलं तर 250 हर्ट्झजवळ 2-3 डीबी कमी करा, आणि हे गाणं चालू असताना करा, गिटार सोलो करून नाही, एकटी गिटार थोडी बारीक वाटली तरी चालेल.

शेवटी मास्टरवर मोनो बटण दाबा. गिटार गायकापेक्षा जराशी मागे जाईल, ते ठीक आहे. पण एकदम पोकळ झाली तर समजा कुठेतरी कॉपी, डिले किंवा स्टिरिओ वाइडनर राहिलाय, तो काढा. आणि अंतऱ्यात एकच गिटार ठेवून ही जोडी फक्त मुखड्याला आणली तर तोच मुखडा खूप मोठा वाटतो, मी तर आता नेहमी असंच करतो.