दिव्यांग उमेदवारांनो, या चुका टाळा : रॅम्प आहे म्हणून लगेच होकार देऊ नका

जाहिरातीत 'दिव्यांगांना प्राधान्य' एवढी ओळ वाचून कंपनी चांगली असणार असं धरून चालणं, ही पहिली चूक. आधी समान संधी धोरण मागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार खासगी कंपनीलाही असं धोरण जाहीर करावं लागतं. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील, तर दिव्यांगांसाठी योग्य पदं कोणती, सोयी कोणत्या आणि संपर्क अधिकारी कोण, हे त्यात हवं. वेबसाइटवर नसेल तर निदान आवारात लावलेलं असावं. एचआरला हा कागद माहीतच नसेल, तर पुढचे प्रश्न जास्त बारकाईने विचारा.

दुसरी चूक फोनवर होते. "तुमच्याकडे सोय आहे का?" या प्रश्नाला "हो, आहे ना" असंच उत्तर मिळतं. समजा, व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाने जळगाव एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये बिलिंग क्लार्कसाठी अर्ज केलाय. रॅम्प आहे, असं त्याला सांगितलं. प्रत्यक्षात तो गोदामाचा, हातगाडीवर पोती चढवायचा. जोतं दीड फूट उंच आणि उतार जेमतेम सहा फूट लांब. मापदंड एकास बारा, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट लांबी हवी. अशा चढावर एकट्याने व्हीलचेअर नेता येत नाही, उतरताना तर ती हातातून सुटते. म्हणून रॅम्पची उंची आणि लांबी विचारा, नाहीतर फोटो मागवा. संडासाच्या दाराची रुंदीही विचारा. ते साधारण तीन फूट हवं. दोन फुटी दारातून बहुतेक व्हीलचेअर जात नाहीत.

"काळजी करू नका भाऊ, दोघं जण उचलून घेतील," असंही आपल्याकडे मनापासून म्हणतात. माणसं चांगलीच असतात, पण ही सोय नव्हे. रात्री आठला शिफ्ट संपल्यावर ते दोघं कुठे असतील?

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फक्त इमारत पाहणं आणि दिवसभराचं काम न विचारणं. त्याच मिलमध्ये बिल संगणकावरच बनतं, पण वजनाची पावती दर गाडीमागे गेटजवळच्या काट्यावरून आणावी लागते, तीही खडीच्या आवारातून. हे जाहिरातीत कुठेच नसतं. त्यामुळे "सकाळी आल्यापासून निघेपर्यंत हा क्लार्क कुठे कुठे जातो?" असं थेट विचारा, आणि मुलाखतीच्या दिवशी गेट, टेबल, संडास, काटा अशी फेरी मारा. पावती आणणं हा त्या कामाचा गाभा नाही. काटेवाल्याने फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तरी बिल होतं. हा बदल तुम्हीच सुचवा.

"संडासाचं दार अजून केलं नाही, पण पुढच्या महिन्यात करून देतो," असं कोणी म्हणालं तर लगेच नाही म्हणू नका. तारीख ठरवून घ्या आणि रुजू होण्याआधी ते ईमेलवर लिहून घ्या.