या चुका टाळा: डोकं बघून कोरी चावी निवडताना

एका चावीची नक्कल करत होतो. चर सगळे जुळले, नवी चावी भोकात सरळ शेवटपर्यंत गेली, आणि फिरली मात्र नाही. मी लगेच मशीनला दोष दिला, पुन्हा कापली. दुसरीही तशीच. तोवर दोन कोऱ्या चाव्या वाया गेल्या होत्या.

चावी श्लेग कुलपाची होती. डोकं ओळखीचं, पात्याच्या बाजूंचे लांबट चरही ओळखीचे, म्हणून मी हात न थांबवता एससी १ नंबरचा ब्लँक, म्हणजे कोरी चावी, उचलला. तो पाच पिनांच्या, म्हणजे पाच खाचांची चावी लागणाऱ्या, कुलपासाठी असतो. त्याच चरांचा सहा पिनांचा भाऊ म्हणजे एससी ४, फक्त पातं एका पिनेच्या अंतराएवढं, म्हणजे सुमारे ४ मिमी लांब. मूळ चावीवर खाचा मोजल्या तेव्हा मला पाचच दिसल्या होत्या. सहावी टोकाजवळ होती, पण इतकी उथळ की ती टोकाच्या उताराचाच भाग वाटली. श्लेगच्या मापांत शून्य नंबरची खाच जवळजवळ न कापल्यासारखीच दिसते. माझी आखूड चावी त्या शेवटच्या पिनेपर्यंत पोचतच नव्हती, त्यामुळे ती पिन उचलली जात नव्हती आणि कुलूप अडून बसलं होतं.

तेव्हापासून खाचा मोजण्याआधी मी लांबी बघतो. मूळ चावी आणि ब्लँक पाठीला पाठ लावून धरायचे, खांदे जुळवायचे (डोक्याखालची जी पायरी कुलपाच्या तोंडावर अडते, तो खांदा), आणि टोकं कुठे येतात ते पाहायचं. काही चाव्यांना खांदा नसतो. त्या टोकावर अडतात, म्हणून त्यांची जुळणी आणि मशीनवरची मांडणी दोन्ही टोकापासून करावी लागते. तिथे डोळ्यानं अंदाज घेतला तर सगळ्या खाचा एकदम पुढेमागे सरकतात.

डोक्याबद्दल थोडं. डोक्याचा आकार शोधाची सुरुवात म्हणून चांगला, पुरावा म्हणून कच्चा. समोर आलेली चावी ही आधीच कुणीतरी केलेली नक्कल असेल, तर डोकं ब्लँक बनवणाऱ्याचं असतं, कुलूप बनवणाऱ्याचं नाही. वर प्लास्टिक चढवलं असेल तर तेवढाही आधार उरत नाही. गाडीच्या चावीची गोष्ट वेगळी. तिच्या डोक्यात चिप असू शकते, आणि साध्या धातूच्या नकलेनं दार उघडलं तरी इंजिन सुरू होत नाही.

खरी ओळख चरांत असते, पण ती बाजूनं बघून पटत नाही. खाचा वर करा, टोक आपल्याकडे वळवा आणि सरळ समोरून पाहा. डावीकडे किती चर, उजवीकडे किती, प्रत्येक चर वरच्या कडेपासून किती खाली, आणि तो चौकोनी आहे की तिरकस, हे सगळं या एका नजरेत दिसतं. ब्लँक अगदी त्याच पद्धतीनं शेजारी धरायचा. काही चरांचे आरशातल्या प्रतिमेसारखे जोड मिळतात. बाजूनं ते सारखेच वाटतात, समोरून मात्र डावं उजवीकडे गेलेलं असतं, आणि अशी चावी कशीही फिरवली तरी जुळत नाही.

कुलूप हाताशी असेल तर कोरा ब्लँक भोकात घालून पाहणं उत्तम, फक्त उत्तर नीट वाचायला हवं. जात नसेल तर तो चुकीचा, बळ लावू नका. जात असेल तर मात्र लगेच बरोबर ठरत नाही, कारण जास्त खोल चरांचा, पातळ ब्लँक अनेक भोकांत शिरतो. आत गेल्यावर तो वरखाली किंवा बाजूला डुलत असेल तर पात्याला भोकाच्या कडांचा आधार नाही. खाचा अचूक कापल्या तरी पिना कमीजास्त उचलल्या जातील, आणि गिऱ्हाईक सांगेल, 'कधी उघडतं, कधी नाही.'

उरला डोक्यावरचा आकडा, आणि इथे नवशिका हमखास फसतो. तो ब्लँकचा नंबर असू शकतो, खोली क्रमांक असू शकतो, किंवा कुठली खाच किती खोल याचा कोड. समजा पाच खाचांच्या चावीवर ३५२४१ आहे. आकडे पाच, खाचा पाच, हा पहिला इशारा. आता डोक्याकडून टोकाकडे मोजत जा. श्लेग किंवा क्विकसेट कंपनीच्या कुलपांत मोठा आकडा म्हणजे खोल खाच. दुसरी खाच सगळ्यात खोल आणि पाचवी सगळ्यात उथळ असेल, तर तो बहुधा कोडच. ब्लँकच्या यादीत तो शोधून काही हाती लागणार नाही. पण मूळ चावी झिजलेली असेल तेव्हा मी झिजलेल्या कडेची नक्कल न करता याच आकड्यांवरून कापतो, म्हणजे झीज नव्या चावीत उतरत नाही.