सीडीसीचा अर्ज नावावरून अडकू नये म्हणून

मर्चंट नेव्हीत प्रथमच जाणाऱ्या प्रशिक्षणार्थ्याचा सीडीसीचा, म्हणजे नाविकाच्या सागरी सेवेच्या नोंदपुस्तिकेचा, अर्ज पुष्कळदा नावातील तफावतीमुळे रखडतो, कारण दहावीच्या गुणपत्रिकेवर आपल्याकडे ‘पाटील रोहन सुरेश’ असे आडनाव आधी येते, तर पासपोर्टवर ‘रोहन सुरेश’ आणि ‘पाटील’ असे दोन वेगळे रकाने असतात.

१. सर्वप्रथम पासपोर्ट काढावा आणि त्यावरील नाव व जन्मतारीख गुणपत्रिकेशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावी. वडिलांचे नाव एकीकडे असून दुसरीकडे गाळलेले असेल, तर दुरुस्ती याच टप्प्यावर करावी.

२. मग इंडोस क्रमांकाच्या, म्हणजे नाविकांच्या राष्ट्रीय नोंदणीतील क्रमांकाच्या, अर्जात पासपोर्टवरील नाव जसेच्या तसे भरावे. हा क्रमांक पुढील प्रत्येक कोर्सच्या प्रमाणपत्रावर येत असल्याने येथील एक चुकलेले अक्षर सगळीकडे पसरते आणि नंतर निस्तरणे जिकिरीचे होते.

३. मूलभूत सुरक्षा कोर्सची प्रमाणपत्रे हाती पडताच, संस्थेतून निघण्यापूर्वी, नाव, जन्मतारीख आणि इंडोस क्रमांक तपासावा. त्यानंतरच सीडीसीचा ऑनलाइन अर्ज करावा.

४. नाविक ओळखपत्र, म्हणजे बीएसआयडी, वैध भारतीय सीडीसी असलेल्यालाच मिळते. म्हणून त्याचा अर्ज सीडीसीनंतर करावा. चेहऱ्याची बायोमेट्रिक नोंद होत असल्याने केंद्रावर स्वतः जावे लागते. अशी केंद्रे मुंबई आणि गोव्यातही सुरू करण्यात आली आहेत.

सीडीसी हाती आली म्हणजे जहाजावर नोकरी पक्की झाली असे नव्हे, त्यामुळे ‘सीडीसीसोबत जॉइनिंग’ सांगून पैसे मागणाऱ्या एजंटाला पासपोर्टची मूळ प्रत देऊ नये.